पेन ड्राइव्हवर टीव्हीचं रेकॉर्डिंग मध्येच का थांबतं

प्रश्न: ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह आहे, वर ३.० लिहिलंय, टीव्हीनेच फॉरमॅट करून दिलाय. तरी रेकॉर्डिंग कधी १० मिनिटांत बंद पडतं तर कधी ४० मिनिटांत, आणि स्क्रीनवर ‘डिव्हाइसचा वेग कमी आहे’ असं येतं. कॉम्प्युटरवर तोच ड्राइव्ह १०० च्या स्पीडने कॉपी करतो. मग कमी काय पडतंय? आणि फॉरमॅट कुठला ठेवू?

उत्तर: तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ‘कधी १०, कधी ४०’. रेकॉर्डिंग का थांबतं ते शोधताना मी ड्राइव्ह बघायच्या आधी घड्याळ बघतो, कारण थांबायची वेळच अर्धं उत्तर देऊन जाते. दर वेळी साधारण एकाच मिनिटाला थांबत असेल तर फॉरमॅटचा संशय घ्यायचा, चालू होतानाच किंवा पहिल्या काही सेकंदांत थांबत असेल तर वीज कमी पडतेय किंवा डिस्क झोपलेली आहे, आणि तुमच्यासारखं लहरी वागणं असेल तर बहुतेक वेळा पेन ड्राइव्ह मध्येच दम खातोय. म्हणजे फॉरमॅट तुमचा गुन्हेगार नाही, टीव्हीने स्वतः केलाय तो ठीकच असणार. तरी फॉरमॅटबद्दल पुढे लिहितो, कारण तिथेही लोक फार फसतात.

आधी स्पीडचा गैरसमज काढून टाकू. टीव्ही रेकॉर्ड करतो म्हणजे काय करतो? अँटेना, केबल किंवा डिशमधून ट्यूनरला जो डिजिटल प्रवाह येतो तो जसाच्या तसा उचलून ड्राइव्हवर टाकतो, नवीन काही एन्कोड वगैरे करत बसत नाही. साधं एसडी चॅनल सेकंदाला ३-४ मेगाबिट असतं, एचडी साधारण ८ ते १२ मेगाबिट. आता मेगाबिट आणि मेगाबाइट यात आठपटीचा फरक आहे, म्हणजे ८ मेगाबिटचं एचडी चॅनल सेकंदाला फक्त १ एमबी लिहितं, तासाला ३.६ जीबी. जुना यूएसबी २.० पोर्टसुद्धा प्रत्यक्षात सेकंदाला ३० एमबीच्या आसपास देतो. तर सरासरी स्पीड म्हणाल तर तो कोणालाच कमी पडत नाही, तुमच्या ड्राइव्हलाही नाही आणि टीव्हीच्या पोर्टलाही नाही. म्हणून ‘३.० चा घ्या, फास्ट घ्या’ हा जो सल्ला सगळीकडे मिळतो त्याने काही होत नाही, टीव्हीचा पोर्ट २.० असेल तर ३.० चा ड्राइव्ह तिथे २.० सारखाच चालतो आणि तरीही ते ३० एमबी तुमच्या गरजेच्या कितीतरी पट जास्त असतात.

कमी पडतो तो सलगपणा. तो १ एमबी दर सेकंदाला न चुकता लिहिला गेला पाहिजे, कारण प्रक्षेपण तुमच्या ड्राइव्हसाठी थांबत नाही. कॉम्प्युटरवर कॉपी करताना ड्राइव्ह तीन सेकंद अडकला तर कॉम्प्युटर तीन सेकंद वाट बघतो, तुम्हाला कळतही नाही. टीव्हीकडे मात्र मधल्या साठवणीला थोडीशीच मेमरी असते. समजा ४ एमबी आहे, तर १ एमबीच्या हिशोबाने चार सेकंदांची सवलत मिळाली. ड्राइव्ह पाच सेकंद गप्प बसला की ती भरली, पुढचा प्रवाह ठेवायला जागा नाही, आणि टीव्ही एकतर तेवढा तुकडा सोडून देतो नाहीतर सरळ रेकॉर्डिंग बंद करून वेग कमी असल्याचा मेसेज दाखवतो.

पेन ड्राइव्ह गप्प का बसतो? फ्लॅश मेमरीत एकदा लिहिलेल्या जागेवर परत लिहिता येत नाही, आधी ती जागा पुसावी लागते, आणि पुसायची म्हटलं की छोटासा तुकडा पुसता येत नाही, आख्खा ब्लॉक पुसावा लागतो, तो ब्लॉक काही एमबीचा असतो. म्हणजे वहीतला एक शब्द बदलायचा तर आख्खं पान नव्या कागदावर उतरवून जुनं फाडायचं, असा प्रकार. मोठी फाइल एका दमात आली तर हे काम सुखात होतं, पानामागून पान भरत जायचं. पण टीव्ही तसं लिहीत नाही. तो व्हिडिओची फाइल थोडी पुढे सरकवतो, मग पुढे-मागे उडी मारता यावी म्हणून ठेवलेल्या छोट्या इंडेक्स फाइलमध्ये दोन ओळी टाकतो, मग फाइल सिस्टीमच्या नोंदी अपडेट करतो, परत व्हिडिओ. स्वस्त पेन ड्राइव्हच्या कंट्रोलरला एका वेळी एक-दोन ‘पानं’च उघडी ठेवता येतात, तीन-चार ठिकाणी आलटून पालटून लिहायला लावलं की तो सारखी पानं उतरवत बसतो. त्यात ड्राइव्ह बराच भरलेला असला की मोकळं पान शोधायलाच वेळ जातो. टीव्हीच्या मागे कोंडलेल्या जागेत ड्राइव्ह तापतो आणि काही ड्राइव्ह तापले की स्वतःहून हळू होतात, ते वेगळंच. आता यातला नेमका कुठला अडथळा कधी येईल ते ठरलेलं नसतं, म्हणून तुमचं कधी १० मिनिटांत तुटतं कधी ४०.

हे तुम्हाला डोळ्यांनी बघता येईल. मी एकदा असाच एक नावाजलेला ड्राइव्ह घेऊन बसलो होतो, विंडोजमध्ये १० जीबीची एकच व्हिडिओ फाइल त्याच्यावर टाकली आणि कॉपीच्या खिडकीत More details दाबून आलेख उघडा ठेवला. पहिले ३ जीबी ८०-९० एमबीने झरझर गेले, मग आलेख धाडकन १२ वर आला, थोडा वेळ तिथे रेंगाळला, मग शून्य. दोन-तीन सेकंद शून्य, परत २०, परत शून्य. शेवटी सरासरी काढली तर सेकंदाला १४ एमबी निघाली, म्हणजे एचडी चॅनलच्या गरजेच्या चौदापट, आणि तोच ड्राइव्ह टीव्हीवर अर्धा तास टिकत नव्हता. सुरुवातीचा जो झरझर भाग आहे तो ड्राइव्हमध्ये वेगवान लिहिण्यासाठी राखून ठेवलेला छोटा हिस्सा असतो, तो भरला की खरा ड्राइव्ह दिसायला लागतो. तुम्ही पाहिलेले १०० बहुतेक तेच असणार, नाहीतर वाचायचा स्पीड असेल, पाकिटावर तोच छापतात. आणि काही टीव्ही पहिल्यांदा ड्राइव्ह लावला की स्पीड टेस्ट घेतात ना, तीही काही सेकंदांचीच असते, तेव्हा त्यात पास झालेला ड्राइव्ह दोन तास टिकेल असं धरून चालू नका. उलट नापास झाला तर मात्र टीव्हीचं ऐका, तिथे वाद नाही.

लिनक्स वापरत असाल तर हीच टेस्ट अशी होते, यात वाटेत कॉम्प्युटरची कॅश येत नाही म्हणून जास्त खरी:

```
dd if=/dev/zero of=/media/usb/test.bin bs=1M count=8192 oflag=direct status=progress
```

/media/usb च्या जागी तुमचा ड्राइव्ह जिथे माउंट झालाय तो पत्ता टाका. शेवटच्या आकड्याकडे फार लक्ष देऊ नका, मधेच आकडा किती वेळ गोठतो ते बघा. दोन-तीन सेकंद गोठत असेल तर रेकॉर्डिंगसाठी हा ड्राइव्ह नाही. मात्र कॉम्प्युटरच्या टेस्टसाठी आधी ड्राइव्ह कॉम्प्युटरला वाचता येईल असा फॉरमॅट करावा लागेल, exFAT किंवा NTFS चालेल, FAT32 नको, त्यात एवढी मोठी फाइल ४ जीबीलाच अडकते, म्हणजे टीव्हीवरचं जुनं रेकॉर्डिंग जाणार, ते लक्षात ठेवा.

अजून एक बारकावा, टाइमशिफ्ट. लाइव्ह कार्यक्रम पॉझ करायची सोय चालू असेल तर टीव्ही रेकॉर्डिंग नसतानाही सारखा ड्राइव्हवर लिहीत असतो, आणि पॉझ करून मागून बघत असाल तर एकीकडे लिहितो आणि एकीकडे वाचतो. ड्राइव्ह काठावर असेल तर एवढ्याने तो पडतो. तेव्हा आज रात्रीच काहीतरी रेकॉर्ड करायचंय आणि दुसरा ड्राइव्ह हातात नाही अशी वेळ असेल तर टाइमशिफ्ट बंद करा, जुनी रेकॉर्डिंग उडवून ड्राइव्ह निम्म्याहून जास्त मोकळा करा किंवा सगळंच गेलं तरी चालणार असेल तर टीव्हीकडूनच परत एकदा फॉरमॅट करून घ्या, आणि शक्य असेल तर त्याच कार्यक्रमाचं एसडी चॅनल निवडा. याने बरेचदा निभावतं. पण हा तात्पुरता जुगाड आहे.

कायमचा इलाज म्हणजे पेन ड्राइव्हचा नाद सोडून फिरती हार्ड डिस्क, किंवा यूएसबी केसमध्ये बसवलेली एसएसडी. साधी २.५ इंची पोर्टेबल हार्ड डिस्क पाकिटावर पेन ड्राइव्हपेक्षा मागासलेली दिसते, पण आधी न पुसता जागच्या जागी परत लिहिणं तिला जमतं आणि सलग लिहिण्यात ती सेकंदाला निदान ५०-६० एमबी सहज काढते. काही कंपन्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहितात की रेकॉर्डिंगसाठी हार्ड डिस्कच लावा, पेन ड्राइव्ह नाही, आणि लोकांना वाटतं की विक्री वाढवायला लिहिलंय. नाही हो, कारण वर सांगितलं तेच आहे. ५०० जीबीची डिस्क पुष्कळ झाली, ताशी ३.६ जीबी धरले तर सव्वाशे तासांच्या वर एचडी मावतं. फार मोठी घेऊ नका, काही टीव्हींना २ टीबीच्या वरची डिस्क ओळखताच येत नाही, मॅन्युअलमधली कमाल मर्यादा आधी बघा.

पण हार्ड डिस्क लावली की वीज हा नवीन विषय सुरू होतो. यूएसबी २.० पोर्ट नियमाप्रमाणे ५ व्होल्टवर ५०० मिलीअँपिअर देतो, ३.० वाला ९००. डिस्क एकदा फिरायला लागली की एवढ्यात भागतं, पण फिरायला सुरुवात करताना क्षणभर तिला १ अँपिअरच्या आसपास लागू शकतात. तेवढी वीज मिळाली नाही की डिस्क टक-टक आवाज करते, लाइट लागतो-विझतो, टीव्ही म्हणतो डिव्हाइस काढलं, मग म्हणतो जोडलं. असं दिसलं की समजायचं डिस्क खराब नाही, उपाशी आहे. टीव्हीच्या मागे दोन-तीन पोर्ट असतात त्यातल्या एखाद्यावर HDD किंवा 1A असं छापलेलं असतं, डिस्क तिथेच लावायची. तसा पोर्ट नसेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेली डिस्क घ्या. वीज जोडलेल्या हबमधूनही काम होतं पण काही टीव्ही हबमधून आलेल्या डिस्कवर रेकॉर्डिंग करायला नकार देतात, म्हणून हब विकत घ्यायच्या आधी कोणाचा तरी आणून लावून बघा. आणि केबल आखूड ठेवा, लांब आणि बारीक केबलमध्येच व्होल्टेज गळतं.

टायमर लावून टीव्ही स्टँडबायला ठेवला आणि सकाळी रेकॉर्डिंग नाहीच, हे बहुतेक झोपेचं प्रकरण असतं. पोर्टेबल डिस्कच्या केसमध्ये स्वतःचा झोपायचा टायमर असतो, उठून फिरायला तिला काही सेकंद लागतात आणि तेवढा धीर टीव्हीला नसतो. पाच मिनिटांनंतरचा टायमर दोनदा लावून बघा, एकदा टीव्ही चालू ठेवून आणि एकदा स्टँडबायमध्ये. पहिलं झालं आणि दुसरं नाही तर कारण सापडलं. टीव्हीत झटपट सुरू होण्याची सेटिंग असेल तर ती चालू करा, तेवढ्यानेही कधी कधी भागतं, नाहीतर न झोपणारी दुसरी केस.

आता फॉरमॅट. टीव्ही दोन जातीचे असतात. एक जात ड्राइव्ह स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करते, आतून टीव्हीत बहुधा लिनक्सच असतं म्हणून XFS, JFS, ext4 असल्या फाइल सिस्टीम वापरते. तुम्ही कॉम्प्युटरवर NTFS करा नाहीतर exFAT करा, रेकॉर्डिंगच्या आधी तो ते पुसून स्वतःचंच करणार, तेव्हा तिथे डोकं लावायची गरजच नाही. असा ड्राइव्ह विंडोजला लावला की You need to format the disk असा मेसेज येतो. तिथे Cancel दाबायचं. सवयीने पुढे दाबलं की सगळं रेकॉर्डिंग गेलं, आणि हे दर काही महिन्यांनी कोणीतरी करतंच.

दुसरी जात साधा FAT32 घेते, आणि तिथे ते एकाच मिनिटाला थांबण्याचं प्रकरण होतं. FAT32 मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा एक बाइट कमी, एवढीच मोठी होऊ शकते. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, त्यांचा फुटबॉलचा सामना दर वेळी सव्वा तासाच्या थोडं आधीच तुटायचा. त्यांची खात्री की टीव्हीतच काहीतरी वेळेची मर्यादा घातलीय, कारण जुने सिनेमे मात्र तीन-तीन तास व्यवस्थित रेकॉर्ड होत होते. मी ड्राइव्ह लॅपटॉपला लावला, सामन्याची फाइल निघाली बरोबर 4,194,304 KB. तिथेच निकाल लागला, ४ जीबी म्हणजे तेवढेच केबी. हिशोब करून बघा, ४ जीबी म्हणजे साधारण ३४,३६० मेगाबिट, सामना ८ मेगाबिटच्या एचडी चॅनलवर, भागलं की ४,२९५ सेकंद, म्हणजे ७१ मिनिटं आणि काही सेकंद. सिनेमे एसडी चॅनलवर, ३ मेगाबिट, तिथे तीच मर्यादा तीन तास दहा मिनिटांनी येते आणि त्याच्या आत सिनेमा संपतो. चॅनल बदललं की थांबायची वेळ बदलते, फाइलचा साइज तोच राहतो, ही खूण पक्की. बरेच टीव्ही ४ जीबी झाले की आपोआप दुसरी फाइल उघडतात, त्यांचा नव्हता उघडत. ड्राइव्ह exFAT करून दिला, त्यांच्या टीव्हीला ते चालत होतं, प्रश्न मिटला. जुन्या टीव्हींना exFAT कळत नाही, NTFS कधी कळतं कधी फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. तिथे मॅन्युअलमधली यादी हाच आधार.

ड्राइव्ह आधी दुसऱ्या टीव्हीत किंवा कॉम्प्युटरला वापरलेला असेल आणि त्यावर दोन-तीन पार्टिशन राहिली असतील तर टीव्ही कधी कधी फॉरमॅटच करत नाही, नुसता फिरत बसतो. अशा वेळी विंडोजमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड विंडो उघडून पाटी कोरी करायची:

```
diskpart
list disk
select disk 2
clean
```

इथे २ हा आकडा माझ्या मशीनवरचा आहे, तुमचा वेगळा असेल. list disk मध्ये साइज बघून आपला ड्राइव्ह ओळखा आणि दोनदा खात्री करा, चुकीचा नंबर दिला तर कॉम्प्युटरच्या दुसऱ्या डिस्कवरचं सगळं उडेल आणि clean काही विचारत नाही. त्यानंतर ड्राइव्ह टीव्हीला लावून तिथूनच फॉरमॅट करा.

आणि हो, ६४ जीबी खरेच ६४ आहेत का तेही एकदा तपासा. नकली ड्राइव्ह नुसता आकडा मोठा दाखवतात, खरी जागा संपली की रेकॉर्डिंग तुटतं किंवा फाइल दिसते पण चालत नाही. विंडोजवर H2testw, लिनक्सवर f3write आणि f3read, दोन्ही पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतात. वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

मेसेज न येता रेकॉर्डिंगमध्ये नुसते चौकोन दिसत असतील, आवाज तुटत असेल, तर ड्राइव्हच्या मागे लागायच्या आधी रेकॉर्डिंग चालू असताना समोर बसून लाइव्ह चित्र बघा. लाइव्ह स्वच्छ आणि रेकॉर्डिंग तुटलेलं, तर ड्राइव्ह. लाइव्हमध्येही चौकोन, तर सिग्नल, अँटेना किंवा केबल बघा. सेट टॉप बॉक्स एचडीएमआयने जोडलेला असेल तर त्यातलं काही टीव्हीला रेकॉर्ड करताच येत नाही, तिथे ड्राइव्ह कितीही चांगला असो, रेकॉर्डिंग फक्त टीव्हीच्या स्वतःच्या ट्यूनरचं होतं.

तुमच्या बाबतीत मी आधी टाइमशिफ्ट बंद करून एक दिवस बघेन, आणि तरीही तुटलं तर कोणाची तरी जुनी हार्ड डिस्क, जिच्यातलं सगळं गेलं तरी चालेल अशी, उसनी आणून दोन तासांचं एचडी रेकॉर्डिंग लावेन. ते पूर्ण झालं तर नवीन डिस्क घ्या, पेन ड्राइव्ह गाणी-फोटोंना ठेवा, त्या कामाला तो उत्तम आहे. फक्त एक गोष्ट आधीच माहीत असू द्या, स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करणारे बहुतेक टीव्ही रेकॉर्डिंग एन्क्रिप्ट करतात आणि किल्ली त्याच टीव्हीच्या बोर्डात असते. मी एकदा एका घरी मेन बोर्ड बदलून दिला, टीव्ही झकास चालू झाला, आणि डिस्कवरची दोन वर्षांची रेकॉर्डिंग यादीत दिसत असूनही एकही उघडेना. तेव्हा जपून ठेवायचं असं काही असेल तर ते या डिस्कच्या भरवशावर ठेवू नका, आणि टीव्ही दुरुस्तीला देताना बोर्ड बदलणार का ते आधी विचारा, बदलणार असतील तर द्यायच्या आधी जे बघायचं राहिलंय ते बघून घ्या.